चरक बारका, काहील मोठी : निपाणीकडच्या एका मशीनचं प्रकरण

गेल्या पावसाळ्यात निपाणीजवळच्या एका गावातला कॉलेजचा पोरगा वडिलांना घेऊन माझ्याकडे बेळगावला आला. कॉम्प्युटरचं कॅबिनेट चादरीत गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर आडवं ठेवलेलं होतं. टेबलावर ठेवता ठेवताच त्यानं सांगितलं, "काका, कार्ड नवं घातलो तरी गेम पहिल्यासारखाच अडकालाय. कार्डच खराब मिळालंय काय बघा की."

मशीन २०१९ मधलं. रायझन ३ २२००जी प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, आठ जीबी रॅमची एकच पट्टी, ४५० वॅटचा एसएमपीएस आणि जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड. ते कार्ड काढून त्यानं कोल्हापुरातून वापरलेलं आरटीएक्स ३०६० आणलं होतं, बारा जीबीचं. सुट्टीत काम करून साठवलेले साडेसतरा हजार त्यात गेले होते. खेळायचं होतं सायबरपंक २०७७. जुन्या कार्डावर सेटिंग खाली आणून गर्दीच्या रस्त्यावर सेकंदाला चाळीसच्या आसपास फ्रेम मिळायच्या. नव्या कार्डावर त्याच रस्त्यावर अडतीस. कार्ड विकणाऱ्यानं फसवलं, अशी त्याची जवळजवळ खात्री झाली होती, आणि वडिलांच्या चेहऱ्यावर पैसे पाण्यात गेल्याचं दिसत होतं.

अशी तक्रार आली की मी आधी साध्या गोष्टी बघतो. पहिली म्हणजे मॉनिटरची वायर. पुष्कळांची ती मदरबोर्डच्या पोर्टलाच राहिलेली असते, कार्डाला नसते. २२००जीमध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे, त्यामुळे तसं लावलं तरी पडद्यावर चित्र येतं आणि माणसाला चूक कळत नाही. इथं वायर बरोबर कार्डातच होती. दुसरी गोष्ट तापमान. फॅनमध्ये धूळ होती, पण गेम चालू असताना प्रोसेसर सत्तर डिग्रीच्या आसपास राहत होता आणि त्याचा वेगही खाली येत नव्हता. म्हणजे तापून मंदावतोय असंही नव्हतं.

मग गेमच्या पडद्यावर कोपऱ्यात आकडे दाखवणारा MSI Afterburner चालू केला आणि शहराच्या त्याच गर्दीच्या बाजारात पात्र उभं केलं. फ्रेम अडतीस. प्रोसेसरचे चारही कोर ९५ टक्क्यांच्या वर. आणि कार्ड ५४ टक्के. पोराला मी हा शेवटचा आकडा बोटानं दाखवला. कार्ड खराब नव्हतं. ते अर्धा वेळ हात बांधून उभं होतं.

ही गोष्ट नीट समजायला एक फ्रेम कशी तयार होते ते बघावं लागतं. पडद्यावरचं प्रत्येक चित्र दोन हातांतून जातं. आधी प्रोसेसर ठरवतो की रस्त्यावरचा कोण कुठं चालला, गाडी कशाला धडकली, या क्षणी कॅमेऱ्यासमोर कोणकोणत्या वस्तू आहेत. मग तो कार्डाला एकेक हुकूम पाठवतो, ही भिंत काढ, हा माणूस काढ. कार्ड ते हुकूम घेऊन प्रत्यक्ष रंग भरतं. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे वीस लाख सत्तर हजार ठिपके असतात, ते सगळे भरणं हे कार्डाचं काम.

दोघं एकामागून एक नाही, एकाच वेळी काम करतात. कार्ड एक चित्र रंगवत असतं तेव्हा प्रोसेसर पुढच्याची तयारी करत असतो. त्यामुळे दोघांच्या वेळांची बेरीज होत नाही, जो हळू त्याच्या चालीनं सगळं चालतं. या मशीनवर एका चित्राची तयारी करायला प्रोसेसरला साधारण २६ मिलिसेकंद लागत होते. कार्ड तेच चित्र १४ मध्ये रंगवून मोकळं होत होतं आणि उरलेले बारा मिलिसेकंद पुढच्या हुकुमाची वाट बघत होतं. एका सेकंदाचे हजार मिलिसेकंद, त्याला २६ नं भागा, ३८ येतात. चौदाला सव्वीसनं भागा, ५४ टक्के येतात. पडद्याच्या कोपऱ्यातले दोन्ही आकडे या एका हिशेबातून निघाले.

वडील इतका वेळ गप्प ऐकत होते. त्यांच्या घरचं गुऱ्हाळ आहे. ते म्हणाले, "म्हणजे चरक बारका आणि काहील मोठी आणलाय ह्यानं. रसच येईना तर काहील काय करणार?" मला यापेक्षा नेमकं सांगता आलं नसतं. चरकातून रस येईल तेवढाच गूळ होणार, काहील कितीही मोठी असो. आणि उलटंही तितकंच खरं. चरक जोरात रस काढतोय पण काहील एकच आणि लहान, तर रस मांदणात साठून राहतो. इंग्रजीतून आलेला 'बॉटलनेक' शब्द ऐकला की पोरांना वाटतं की मशीनमध्ये काहीतरी बिघाड आहे. तो बिघाड नाही. दोघांतला एक नेहमीच हळू असणार. कोण असावा आणि किती, एवढाच प्रश्न असतो.

पोरगा एका वेबसाइटवर प्रोसेसर आणि कार्डाची नावं टाकून आला होता. तिथं एक टक्केवारी मिळते, इतका इतका बॉटलनेक म्हणून. त्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही, आणि कारण साधं आहे. वरचे २६ आणि १४ हे या एका खेळाचे, या एका रस्त्याचे आणि या सेटिंगचे आकडे आहेत. त्याच शहरातून बाहेर मोकळ्या माळावर गेलो तर माणसं कमी, प्रोसेसरचं काम कमी, आणि फ्रेम पन्नाशीच्या वर गेल्या. मशीन तेच, जोडी तीच. मग एक टक्केवारी कुठल्या क्षणाची म्हणायची?

त्यापेक्षा घरी बसून करता येणारी परीक्षा जास्त खरी. ती मी त्याच्यासमोर केली. गेमचं रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणलं. ठिपके निम्म्याहून कमी झाले, म्हणजे कार्डाचं काम तेवढं उतरलं. प्रोसेसरचं काम मात्र तसंच राहिलं, कारण रस्त्यावरची माणसं तितकीच आहेत. फ्रेम अडतीसच्या एकोणचाळीस झाल्या. कार्ड ५४ वरून तीस टक्क्यांच्या आसपास घसरलं. चित्र इतकं बारीक करूनही वेग वाढत नाही, याचा अर्थ अडलंय ते कार्डापाशी नाही.

मग उलट केलं. रिझोल्यूशन पुन्हा १०८०, आणि प्रतिबिंबं, धुकं, ढग अशी फक्त चित्राशी संबंध असलेली सेटिंग वर चढवली. फ्रेम ३७. कार्ड ७५ टक्के. चित्र डोळ्यांना दिसेल इतकं सुधारलं आणि वेग जवळपास तिथंच. पोराला हे आवडलं, कारण कार्डाचा थोडा तरी उपयोग पहिल्यांदा दिसला. शेवटी गेममधलं Crowd Density हे सेटिंग खाली आणलं. रस्त्यावरची माणसं कमी झाली आणि फ्रेम ४४ वर गेल्या. कार्डाच्या सेटिंगला हात न लावता वेग वाढला, म्हणजे अडचण कुणाची ते पक्कं झालं.

इथं एक सावधगिरी सांगतो, कारण यात नवे लोक हमखास फसतात. प्रोसेसरचा एकूण टक्का बघून निकाल देऊ नका. इथं चारही कोर भरलेले होते म्हणून सोपं गेलं. पण कितीतरी खेळ सगळं ओझं एका-दोन कोरवर टाकतात. चार कोरच्या प्रोसेसरवर एकच कोर पूर्ण दमला असेल तर Task Manager २५ टक्के दाखवतो आणि माणूस म्हणतो, प्रोसेसर तर रिकामा आहे. उद्यमबागेत थ्रीडी डिझाइन करणाऱ्या एकानं याच समजुतीतून महागडं कार्ड घेतलं होतं. डिझाइनमध्ये बदल केल्यावर पार्ट पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ एका सेकंदानंही कमी झाला नाही, कारण ते काम एका कोरवर चालत होतं. म्हणून बघायचा तो कार्डाचा टक्का. फ्रेमवर कुठलीही मर्यादा घातलेली नसताना कार्ड पंच्याण्णवच्या वर असेल तर ते पूर्ण कामाला लागलं आहे. बरंच खाली असेल तर ते कुणाची तरी वाट बघत आहे.

आता उपाय. प्रोसेसर बदलायच्या आधी मी रॅम बघितली. Task Manager मध्ये Memory उघडल्यावर खाली Hardware reserved समोर दोन जीबीच्या वर आकडा दिसला. जुन्या काळी, कार्ड नसताना, कुणीतरी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्ससाठी दोन जीबी बाजूला काढून ठेवले होते. कार्ड आल्यावरही ते तसेच अडकून होते. म्हणजे आठ जीबीतले सहाही पुरते खेळाला मिळत नव्हते, आणि हा गेम स्वतः कमीत कमी बारा मागतो. बाजारात चालताना मध्येच अर्धा सेकंद सगळं थिजायचं ते यामुळे. रॅम संपली की विंडोज डिस्कवर उचल-ठेव करायला लागतं.

बायोसमध्ये ते दोन जीबी मोकळे केले आणि आठ जीबीची दुसरी पट्टी तशीच बघून लावली. पट्ट्या कुठल्या खाचेत लावायच्या ते बोर्डच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. चार खाचा असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी. अशा दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला रॅमकडे जायला दोन वाटा मिळतात. थिजणं जवळपास थांबलं. फ्रेम ३८ च्या ४२ झाल्या, कार्ड ५९ टक्क्यांवर आलं. इतक्या कमी खर्चात एवढा फरक पडला तर ही पायरी आधीच करायला हवी, असं माझं ठाम मत आहे. पण चार कोरच्या त्या प्रोसेसरला यापुढं ओढून नेता येत नव्हतं.

दुसरं कुणी असतं तर नवा बोर्ड, नवी रॅम, नवा प्रोसेसर असं बिल झालं असतं. या पोराचं नशीब की त्याचा बोर्ड एएम४ सॉकेटचा होता. २०१८ च्या २२००जीला जे सॉकेट लागतं तेच २०२२ मध्ये आलेल्या रायझन ५ ५६०० ला लागतं. तिकडं चार कोर आणि चार थ्रेड, इकडं सहा कोर आणि बारा थ्रेड, शिवाय एकेक कोरही कितीतरी चपळ. फक्त बोर्डच्या कंपनीच्या साइटवर आपल्या मॉडेलची CPU support list उघडून बघायची. ५६०० त्यात आहे का, आणि कुठल्या बायोसपासून. या बोर्डासाठी ते होतं, पण आतलं बायोस २०१९ चं.

क्रम इथं फार महत्त्वाचा. आधी जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच बायोस अपडेट करायचं, मग प्रोसेसर बदलायचा. उलट केलं तर बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखत नाही आणि पडदा काळाच राहतो. आणि अपडेट चालू असताना लाईट जाता कामा नये. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नाही, अर्धवट अपडेट झालेला बोर्ड मग उठत नाही. मी यूपीएसवर मशीन घेतलं, आणि पहिल्यांदा ती बॅटरी दहा मिनिटं टिकते का ते बघूनच फाईल लावली.

आणखी एक गोष्ट मी आधी विचारली, विंडोजमध्ये ड्राइव्हला कुलूप घालणारं बिटलॉकर लावलंय का. लावलेलं असेल तर रिकव्हरी की आधी लिहून घ्यायची. प्रोसेसर बदलल्यावर बोर्ड fTPM, म्हणजे अशा किल्ल्या सांभाळणारा भाग, रिसेट करायचा का असं विचारतो. हो म्हटलं की जुन्या प्रोसेसरबरोबरची कुलपाची नोंद जाते, आणि रिकव्हरी की नसेल तर ड्राइव्हमधले कॉलेजचे सगळे कागद आतच अडकतात. त्याच्याकडे बिटलॉकर नव्हतं.

कूलर काढतानाची गोष्ट पोराला जवळ बोलावून दाखवली. या सॉकेटमध्ये प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात आणि लिव्हर लावलेला असतानाही वर ओढलं तर तो निघून येतो. पाच वर्षांची वाळलेली पेस्ट डिंकासारखी धरून बसते. कूलर सरळ वर उचलला की प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटला जातो आणि पिना वाकतात. म्हणून आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम केली, मशीन बंद करून लगेच स्क्रू सोडले आणि कूलर उचलण्याऐवजी डावीकडे-उजवीकडे हळू फिरवला. सुरुवातीला तो हलेना. मग एक बारीकसा 'चट्ट' आवाज आला, पेस्टची पकड सुटली, आणि कूलर हातात आला. प्रोसेसर जागेवर, पिना सरळ. त्या आवाजापर्यंत पोरानं श्वास रोखून धरलेला मला कळत होता.

एसएमपीएसही बदलला. ३०६० एकटं १७० वॅटपर्यंत ओढतं आणि त्यासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवलेला आहे. त्याचा जुना ४५० चा होता, तोही साधा. चालला असता कदाचित, पण एवढं कार्ड मला त्याच्या भरवशावर टाकायचं नव्हतं.

मशीन चालू केलं, तोच बाजार, तीच जागा, आधीचीच सेटिंग. फ्रेम ७० आणि ७१ मध्ये हलत होत्या. कार्ड ९८ टक्के. आता नवा प्रोसेसर एका चित्राची तयारी साधारण दहा मिलिसेकंदांत करत होता आणि कार्डाला तेच चौदा लागत होते. काहील आता सतत उकळत होती. खात्रीसाठी पुन्हा रिझोल्यूशन ७२० वर आणलं. या वेळी फ्रेम शंभरीजवळ गेल्या. तीच परीक्षा, उत्तर उलटं, कारण आता अडत होतं कार्डापाशी.

पोराचा पुढचा प्रश्न रास्त होता. "काका, प्रोसेसर आता रिकामा राहालाय की. मग ह्यापेक्षा मोठा घेतलो असतो तर?" मोठा घेतला असता तर तयारी दहाच्या ऐवजी सात मिलिसेकंदांत झाली असती, आणि कार्ड तरीही चौदाच घेणार. फ्रेम एकाहत्तरच राहिल्या असत्या. खेळासाठीच्या मशीनमध्ये कार्ड भरलेलं आणि प्रोसेसर थोडा मोकळा, हीच बरी स्थिती. कार्ड अडलं तर सेटिंग उतरवून लगेच वेग मिळतो. प्रोसेसर अडला तर उतरवण्यासारखी सेटिंग दोन-चारच असतात, आणि त्याचं अडणं एकसारखं नसतं, गर्दी आली की झटके बसतात.

मग मी त्याला मॉनिटर दाखवला. तो साठ हर्ट्झचा आहे, सेकंदाला साठच चित्रं दाखवतो. एकाहत्तर फ्रेम बनवून वरच्या अकरांचा त्याला दिसण्यासारखा फायदा नाही. गेममध्ये साठची मर्यादा घातली, तसं कार्ड ९८ वरून ८४ टक्क्यांवर आलं. पोरगा लगेच म्हणाला, परत बॉटलनेक आला काय? नाही. हे कार्ड प्रोसेसरची वाट बघत नाही, आपण सांगितलेल्या साठसाठी थांबतं. कार्ड थोडं थंड राहतं, पंख्याचा आवाज कमी होतो. कार्डाचा टक्का वाचताना आधी अशी मर्यादा किंवा मॉनिटरच्या वेगाशी फ्रेम जुळवणारं व्ही-सिंक चालू आहे का ते बघायला हवं, नाहीतर चांगल्या जोडीला दोष लागतो.

जोडी निवडताना मी सुरुवात या मॉनिटरपासूनच करतो. पडदा किती ठिपक्यांचा आणि आपल्याला सेकंदाला किती चित्रं हवीत, हे आधी ठरवायचं. ठिपक्यांचा आणि सेटिंगचा भार कार्डावर पडतो, म्हणून कार्ड त्यावरून. प्रोसेसरला पडदा मोठा की लहान याचं जवळपास काहीच नसतं. त्याला विचारायचं एवढंच, हा खेळ सेकंदाला तितक्या वेळा मांडून देशील का. साठ फ्रेमसाठी त्याच्या हातात एका चित्रामागे साडेसोळाच्या थोडे वर मिलिसेकंद असतात, १४४ साठी जेमतेम सात. याच पोरानं उद्या १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला आणि व्हॅलोरंटसारखा हलका खेळ खेळला, तर कार्ड सहज पुरेल आणि ओझं सगळं प्रोसेसरवर येईल. तोच उद्या फोर-के पडदा घेऊन सायबरपंक लावेल तर प्रोसेसर आरामात असेल आणि कार्डाचा घाम निघेल. भाग तेच असतील, जोडीचं गणित मात्र बदललेलं असेल.

जाताना वडिलांनी जुन्या प्रोसेसरचं काय करायचं ते विचारलं. ५६०० मध्ये आतलं ग्राफिक्स नाही, त्यामुळे आता कार्ड काढलं तर त्या मशीनवर चित्रच येणार नाही, हे मी त्यांना सांगितलं होतं. २२००जीमध्ये ते आहे. त्यांच्या मेहुण्याचं निपाणीत अडत दुकान आहे, तिथं बिलं करायला एक मशीन हवं होतं. एक साधा बोर्ड आणि आठ जीबीची एक पट्टी जोडून तो त्यात बसवला. कार्डाशिवाय दोन मॉनिटर चालतात, एकावर पावत्या, एकावर बाजारभाव, आणि प्रोसेसर दिवसभर दहा टक्क्यांच्या वर जात नाही.